नाव घालण्याचे पंधरा रुपये

तलासरी नाक्यावरच्या चिमणशेठच्या भांड्यांच्या दुकानात एक पाटी होती: ‘येथे भांड्यांवर नाव फुकट घालून मिळेल.’ त्या पाटीवर गिऱ्हाइकांचा फार विश्वास. कविताचा मात्र काडीचा नव्हता, कारण नावं घालणारी तीच होती. अकरा वर्षं ती सुईचं मशीन हातात धरून टरटर करत लोकांच्या ताटावाट्यांवर लोकांची नावं कोरत आली होती. प्रत्येक नावामागे शेठ तिला पगारावर दहा रुपये देई, आणि सुई, वीज यांचे पाच वेगळे. आता पंधरा रुपये जातात त्या गोष्टीला फुकट म्हणायचं तर म्हणा बापडे. पण ते पंधरा कुठून तरी येतात हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कविता सरावली गावची. आईबापांनी जन्मभर दुसऱ्याच्या वाडीत रोजाने काम केलं. लग्न होऊन ती तलासरीजवळच्या पाड्यावर आली आणि दुकानात झाडू मारायला म्हणून लागली. झाडू मारता मारता नावं कोरायला आणि माल लावायला शिकली, माल लावता लावता भाव सांगायला, आणि चौथ्या वर्षी तर शेठच आकडा अडला की तिच्याकडे बघू लागला. बारावीपर्यंत गणितात तिला कोणी मागे टाकलं नव्हतं, आणि हे सांगायला ती लाजतही नसे.

यंदा चिमणशेठचे गुडघे गेले. मुलगा सुरतेला, त्याला भांड्यांत रस नाही. दिवाळीनंतर एका दुपारी शेठने कविताला आणि आपल्या भाच्याला, नविनला, समोर बसवलं. नविन दोन वर्षांपासून दुकानात येत होता. बोलायला गोड, फोनवर सदा हजर, आणि सौदा जमवायची त्याला भारी हौस.

“मी हा गाळा कोणाला तरी चालवायला देणार,” शेठ म्हणाला. “कविता, पहिला हक्क तुझा. होळीपर्यंत मोठे सौदे तू बघ. माझी अट एकच. माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत जेवढा खर्च झाला, त्याच्यावर शेकडा बारा तरी सुटले पाहिजेत. प्रत्येक सौद्यात. एकात जरी खाली गेली, तर गाळा नविनचा.”

“प्रत्येक सौद्यात?” कविताने विचारलं.

“सरासरी मला सांगू नको. सरासरीने दुकानं बुडतात.”

कविताला ती अट आवडली. कडक होती, पण सरळ होती. शिवाय स्वतःचं दुकान ही गोष्ट तिच्या पाड्यात आजवर कोणी बोलूनही दाखवली नव्हती. तिला ते हवं होतं, इतकं की रात्री नवऱ्याला, उमेशला, सांगताना तिचा आवाजच चढला. उमेश वापीला कंपनीत पाळीवर जाई. तो म्हणाला, “तू चालवतेसच की. नावच तेवढं शेठचं आहे.” तिने घरातली शिल्लक मोजून ठेवली, बावीस हजार. गाळा मिळाला तर पहिला माल त्यातून घ्यायचा होता.

होळीला पंधरा दिवस उरले आणि तोवरचे सगळे सौदे बाराच्या वर होते. काही पंधराला, एक तर वीसला. नविनचं तोंड जरा उतरलं होतं, पण तो मनाने वाईट पोरगा नव्हता. आपणही काहीतरी करून दाखवावं असं त्याला वाटे, आणि घोळ झाला तो त्यातूनच.

आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी कविता आली तेव्हा तो टेबलावर ताल धरून बसला होता.

“साठ घमेली!” तो म्हणाला. “नरपडच्या चंद्राबाईचा फोन होता. मासळी विकणाऱ्या बायकांचा गट आहे ना त्यांचा, त्यांना ॲल्युमिनियमची मोठी घमेली पाहिजेत. पंचवीस टक्के सूट मागत होती. मी देऊन टाकली.”

कविताची पिशवी खांद्यावरच राहिली. “देऊन टाकली म्हणजे?”

“शब्द दिला. अगं, आपण अठ्ठावीसपर्यंत देऊ शकतो. खर्चावर चाळीस टक्के चढवून आपण किमतीची चिठ्ठी लावतो, बरोबर? मामांना बारा पाहिजेत. चाळीसातून बारा गेले, अठ्ठावीस. ती पंचवीसच मागतेय. तीन टक्के वर सुटतायत आपल्याला.”

एवढ्या आनंदाने कोणी खड्ड्यात उतरताना कविताने पाहिलं नव्हतं. तिला राग आला, चांगलाच आला, पण राग काढायला वेळ नव्हता. तिने कोपऱ्यातलं एक घमेलं उचलून टेबलावर आपटलं.

“ह्याचा खर्च सांग.”

“पाचशे.”

“कसे पाचशे?”

“वापीच्या होलसेलवाल्याचे चारशे साठ. टेम्पो आणि हमाली पंचवीस. नाव घालायचे पंधरा.”

“चिठ्ठी?”

“सातशे. कर वेगळा.”

“आता सातशेवर तुझे अठ्ठावीस टक्के काढ.”

नविनने फोनवर काढले. “एकशे शहाण्णव.”

“हातात किती आले?”

“पाचशे चार.” तो थांबला. परत बोटं चालवली. परत तेच आलं. “चार रुपये? बारा टक्के म्हणजे तर साठ सुटायला पाहिजेत.”

“आपण चाळीस चढवतो ते पाचशेवर. सूट देतो ती सातशेवर. तू दोन्ही एकाच पोत्यात भरलेस.” कविताने चिठ्ठीचा कागद उलटा केला. “हे बघ. खर्च शंभर धर. चिठ्ठी एकशे चाळीस. शेठला एकशे बारा हातात पाहिजेत. मग सोडता किती येतील? अठ्ठावीस रुपये. तुझा आकडा बरोबर आहे, पण ते रुपये आहेत, टक्के नाहीत. एकशे चाळिसात अठ्ठावीस म्हणजे शंभराला किती?”

नविनने ह्या वेळी फोन काढला नाही. “वीस.”

“वीस. त्याच्यावर एक टक्काही नाही. सातशेचे वीस टक्के एकशे चाळीस, उरले पाचशे साठ, साठ रुपये सुटले, बरोबर बारा. आणि तू शब्द दिलास पंचविसाचा. म्हणजे पाचशे पंचवीस. पंचवीस रुपये सुटणार. शेकडा पाच.”

नविन घमेल्यात बघत बसला. घमेलं रिकामं होतं. “मी फोन करून सांगतो की चूक झाली,” तो हळूच म्हणाला.

“दुकानाच्या नावाने दिलेला शब्द आहे. चंद्रामावशी बाजारात सुकी मासळी घेऊन बसते, तिच्या पाटीपुढे अर्धा तालुका येतो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल की चिमणशेठच्या दुकानात सकाळचा भाव दुपारी राहत नाही.”

शब्द मोडला तर दुकानाची पत जाणार, पाळला तर शेठची अट मोडणार आणि दुकानच जाणार. अकरा वर्षं आणि एक फोन. पण कविताची एक खोड होती. आकडा अडला की ती त्याची माणसं मोजायची, म्हणजे तो कशाकशाने बनलाय ते. ती चारशे साठ, पंचवीस, पंधरा असं तोंडातल्या तोंडात घोळवत राहिली. सूट कमी करता येत नव्हती. चिठ्ठी बदलता येत नव्हती. पण बारा टक्के ज्याच्यावर काढायचे तो खर्च काही दगडात कोरलेला नव्हता.

“दुकान बघ,” ती नविनला म्हणाली. “कोणी विचारलं तर काही देऊन टाकू नको.”

बाजारात चंद्राबाई बोंबील, सोडे, सुकट यांचे ढीग लावून नेहमीच्या जागी बसली होती. पन्नाशीची बाई, हातभर हिरव्या बांगड्या, आवाज समुद्रावरचा. कविताला पाहताच तिने बाजूची गोणी पुढे ओढली.

“बस गो. तुझ्या नविनने बरा भाव दिला. मी तर तिसाने सुरुवात करणार होते, मग म्हटलं जास्त होतील, पंचवीसच मागितले, तर पोरगा लगेच हो म्हणाला. मला वाटलं, चुकले मी, पस्तीस मागायला पाहिजे होते.”

“मावशी, तो शब्द मी पाळणार,” कविता म्हणाली. “पण मला काही विचारायचंय. घमेली न्यायची कशी?”

“तुम्ही आणून द्याल की. तुमचा टेम्पो येतो ना.”

“आमचा टेम्पो वापीहून माल आणतो, तुमच्यासाठी परत नरपडला पाठवावा लागेल. तुमची मासळी कुठे जाते सध्या?”

“वापीलाच. आमचा दीर मोरू नेतो टेम्पोने पहाटे.”

“येताना?”

चंद्राबाईने डोळे बारीक केले. ती काही कमी बाई नव्हती. “येताना रिकामा येतो.” थोडं थांबून ती हसली. “म्हणजे तुझं भाडं वाचतं.”

“वाचतं. होलसेलवाल्याच्या दारातून मोरूभाऊंनी साठ घमेली उचलायची आणि सरळ नरपडला जायचं. मोजून घ्यायला मी येईन.”

“आणि वाचलं त्यातलं मला काय?”

कविताने मनात हिशेब केलाच होता. भाड्याचे पंचवीस गेले की खर्च चारशे पंच्याहत्तर. त्यावर बारा टक्के धरले की पाचशे बत्तीस. सातशेतून एकशे अडुसष्ट सोडता येतात, शेकडा चोवीस. एका टक्क्याने हुकत होतं! सातच रुपये. त्या सात रुपयांचा तिला इतका राग आला की समोरचे बोंबील उचलून कुणाला तरी मारावेत. पण तिचा चेहरा हलला नाही. दुकानाचा खर्च गिऱ्हाइकाला सांगायचा नसतो, एवढं तिने पहिल्या वर्षीच शिकून घेतलं होतं.

“मावशी, नावं काय काय घालायची साठ घमेल्यांवर? यादी दिलीत तर बरं.”

“नावं?” चंद्राबाई मोठ्याने हसली. बाजूच्या दोघीही वळून बघू लागल्या. “अगं, आमच्या आळीत पाच चंद्रा आहेत. तीन क्रांती आहेत. नाव घालून कोणाचं घमेलं ओळखणार? लिलावाला अंधारात बोट लागते, ओल्या हातांनी घमेली एकावर एक पडतात, तेव्हा कोण वाचत बसतंय!”

“मग ओळखता कशी?”

“खुणेने. जाळं तरंगतं त्या बोयांवर घराघराची खूण असते ना, तीच काठावर मारायची. आमच्या घरच्या दोन आडव्या आणि एक तिरपी खाच. सासऱ्याच्या बापाची खूण ती. बोटाने चाचपली तरी कळते. गेल्या वर्षी डहाणूच्या दुकानातून नावं घालून आणली होती, आम्ही त्याच्यावर पुन्हा खाचा मारल्या.”

कविता गोणीवर बसल्या बसल्या एकदम हलकी झाली. साठ घमेल्यांवर साठ नावं कोरायची, आणि ती कोणी वाचणार नाही. दुकानाच्या पाटीवरचं ते फुकटचं नाव इथे कोणालाच नको होतं. मात्र त्यात तिचेही दहा रुपये होते, साठांचे सहाशे. होळीला पोरांच्या कपड्यांना तेवढेच लागत होते, आणि सकाळी साठ घमेली ऐकल्याबरोबर तिने ते मनात खर्चूनही टाकले होते. तिला वाईट वाटलं. पण मग ती उठली.

“तर मावशी, ठरलं असं. माल वापीच्या दारातून तुम्ही उचलायचा. नावं घालायची नाहीत. सूट पंचवीस टक्के, पाचशे पंचवीसला एक, कर वेगळा. बिल त्याच दिवशी रोख.”

“सव्वीस कर.”

“पंचवीस. आणि सुकटाचा भाव मी तुमच्याकडे कधी पाडून मागितलाय का?”

चंद्राबाईने मूठभर सोडे कागदात बांधून तिच्या पिशवीत टाकले. म्हणजे सौदा पक्का.

तिसऱ्या दिवशी सकाळी वापीच्या गोदामासमोर मोरूचा टेम्पो उभा राहिला. पाण्याने धुतलेला होता, तरी वास यायचा तो येतच होता. होलसेलवाल्याचे हमाल नाकाला रुमाल लावून साठ घमेली भरत होते, आणि कविता एकेक काठ तपासून दोन पोचेवाली बाजूला काढत होती. दोन बदलून घेतली. टेम्पो निघाला तेव्हा तिने मोरूकडून आलेले पैसे मोजले, बिल फाडून दिलं आणि बसने तलासरीला आली.

संध्याकाळी चिमणशेठ काठी टेकत दुकानात आला. नविनने त्याला फोनची गोष्ट आधीच सांगितली होती, स्वतःहून. हे त्याच्या खात्यात धरायला हवं.

“पंचवीस टक्के सूट दिलीस असं ऐकलं,” शेठ कविताला म्हणाला. आवाज कोरडा होता. “माझ्या दुकानात वीसच्या वर कोणी गेलेलं नाही.”

कविताने बिलाची प्रत पुढे ठेवली. “खर्च चारशे साठ. टेम्पो त्यांचा, नावं नाहीत. हातात पाचशे पंचवीस. पासष्ट सुटले.”

शेठने जुन्या सवयीने कागद डोळ्यांजवळ नेला. ओठ हलत होते. “चारशे साठला पासष्ट, म्हणजे चौदाच्या वर.”

“वीस टक्के सूट देऊन नेहमीसारखा माल दिला असता तर साठ सुटले असते. इथे पंचवीस देऊन पासष्ट सुटले. साठ नगांचे तीन हजार नऊशे.”

“कितीपर्यंत जाता आलं असतं?”

“सव्वीसपर्यंत. थोडं वरही. चंद्रामावशीने मागितले होते सव्वीस. मी दिले नाहीत.”

शेठ हसला नाही. पण काठी भिंतीला लावून तो खुर्चीत मागे टेकला, आणि नविनने सुटकेचा श्वास सोडला.

होळी झाली. दुसऱ्या आठवड्यात शेठने शब्द पाळला. गाळ्याचं भाडं ठरलं, कागद झाला, नविन पगारावर कविताकडेच राहायचा असंही ठरलं. मग उरला माल. माळ्यावर चाळीस घमेली होती, ती पहिली घ्यायची.

“तुझ्यासाठी वीस टक्के सूट,” शेठ उदारपणे म्हणाला. “पाचशे साठला एक. चाळिसांचे बावीस हजार चारशे. माझे बारा मला सुटले पाहिजेत, अट तुला माहीत आहे.”

कविताच्या पिशवीत बावीस हजार होते. चारशे कमी. उमेशकडून आणता आले असते, नविनने दिले असते, शेठनेही थांबायला नकार दिला नसता. पण ती माळ्याकडे बघत होती.

“शेठ, ह्या घमेल्यांचा खर्च किती धरलात?”

“पाचशे. इतकी वर्षं तूच चिठ्ठ्या लिहितेस.”

“त्यात नाव घालायचे पंधरा आहेत. ह्यांच्यावर नावं कुठे घातलीत? ते पंधरा अजून तुमच्या खिशातच आहेत. खर्च झाला चारशे पंच्याऐंशी.”

नविनने हातातलं काम थांबवलं.

“चारशे पंच्याऐंशीवर बारा टक्के धरले, म्हणजे पाचशे त्रेचाळीस आणि वीस पैसे. सूट बसते बावीस टक्के आणि वर थोडी. ती वरची तुम्हाला ठेवा. बावीस धरा. पाचशे सेहेचाळीसला एक. चाळिसांचे एकवीस हजार आठशे चाळीस. तुमचे बारा सुटून वर काही उरतं.”

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. मग चिमणशेठ हसू लागला, खांदे हलेपर्यंत, आणि गुडघा दुखला म्हणून थांबला. “माझीच अट माझ्याच गळ्यात घातलीस,” तो म्हणाला. “आण पैसे.”

तिने पैसे मोजून दिले. एकशे साठ रुपये उरले ते पुन्हा पिशवीत ठेवले. शेठने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि नविनला माळ्यावरून एक घमेलं उतरवायला सांगितलं.

“पाटी अजून बाहेर आहे,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक तू आहेस. नाव घाल. पंधरा माझ्याकडून.”

कविताने मशीन लावलं. ह्या हाताने हजारो नावं कोरली होती, लग्नांची, बारशांची, सासरी निघालेल्या पोरींची, आणि सुई कधी रेषेबाहेर गेली नव्हती. आज तिला काठ नीट दिसेना. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. नाव उमटलं, पण पहिलाच क वाकडा आला, शेपटी खाली घसरलेली.

शेठने घमेलं उजेडात धरून पाहिलं. जुना दुकानदार बोलल्याशिवाय थोडाच राहतो! “खराब केलंस. आता ह्याच्यावर किती सूट देणार?”

कविताने घमेलं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि आपल्या खुर्चीच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलं.

“हे विकायचं नाही, शेठ,” ती म्हणाली.